दमास्कसचा हज काफिला: पाणी, पैसा आणि १७५७ चा घात

प्रश्न: सुलतानाकडे एवढं मोठं सैन्य असताना हजचे काफिले वाळवंटात लुटले कसे जायचे? आणि एकही उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्की, सुलतान गादीवर असताना हजला गेला नाही म्हणतात, मग 'हरमैनचा सेवक', म्हणजे मक्का-मदिना या दोन पवित्र शहरांचा सेवक, ही पदवी कशाच्या जोरावर मिरवायचे?

मी बावीस वर्षं पश्चिम आशियाचा इतिहास शिकवतोय आणि दर वर्षी वर्गात हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून सगळ्या मुस्लिम राजवटींचा आढावा न घेता मी फक्त एक काफिला घेतो, दमास्कसहून निघणारा, आणि त्यातही अठरावं शतक, कारण तिथे ही सगळी यंत्रणा उघडी पडलेली दिसते.

आधी पदवीचं बघू. उस्मानी सुलतान सलीम पहिला याने १५१६ ला सीरिया आणि १५१७ ला इजिप्त तिथल्या आधीच्या राज्यकर्त्यांकडून, ममलूकांकडून, जिंकून घेतलं. मक्का-मदिना त्याने लढून घेतली नाहीच. मक्केच्या शरीफने, म्हणजे तिथल्या वंशपरंपरागत शासकाने, स्वतःच्या मुलाला कैरोला पाठवून सलीमचं वर्चस्व मान्य केलं, बस्स. आता शरीफने इतक्या पटकन का मान्य केलं? कारण हिजाझमध्ये, म्हणजे मक्का-मदिनेच्या मुलखात, धान्य फारसं पिकत नाही, मक्का-मदिनेची चूल इजिप्तच्या गव्हावर पेटायची. इजिप्तमधल्या कितीतरी गावांचं उत्पन्न वक्फ म्हणून हरमैनला लावून दिलेलं होतं, तो गहू सुएझवरून जहाजाने जेद्दाला उतरायचा. काब्यावर घालायचं कापड, किस्वा, तेही कैरोतच तयार व्हायचं आणि त्याचा खर्चही अशाच गावांच्या उत्पन्नातून. म्हणजे ज्याच्या हातात इजिप्त त्याच्या हातात मक्केचं पोट. आणि ज्याचं अन्न खायचं त्याचं नाव शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात, घ्यायचं, हा व्यवहार ममलूकांच्या काळापासून चालत आलेला होता, सलीमने तो फक्त आपल्या नावावर करून घेतला.

पण गहू पोचवणं हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे यात्रेकरूंना नेऊन परत आणणं, आणि खरी परीक्षा इथे. सुलतान स्वतः गेला नाही तरी चालायचं, त्याच्या जागी महमल जायचा. महमल म्हणजे उंटावरची शृंगारलेली अंबारी, आत माणूस कोणी नाही. ही प्रथा तेराव्या शतकात ममलूक सुलतान बैबर्सच्या काळात सुरू झाली असं मानतात. रिकामी अंबारी पुढे चालते आणि मागे हजारो माणसं, सगळ्यांना कळतं की हा काफिला कोणाच्या नावाने चाललाय. एक महमल कैरोहून निघायचा आणि एक दमास्कसहून. आपल्याकडचे लोक, म्हणजे सुरत किंवा दाभोळहून जाणारे, समुद्रमार्गे जेद्दाला उतरायचे, त्यांचा या वाळवंटाशी संबंध यायचा नाही. दमास्कसच्या काफिल्यात यायचे ते अनातोलिया, बाल्कन, इराक, इराण, सीरिया या भागातले हाजी. माणसं किती? साल बघून आकडा बदलतो पण वीस हजार किंवा त्याहून जास्त धरायला हरकत नाही, म्हणजे एक अख्खं शहरच चालत निघालंय असं समजा.

आता हे शहर चालवायचं कसं. दमास्कस ते मदिना अंतर साधारण १३०० किलोमीटर आणि पुढे मक्का आणखी चारशेच्या वर. शव्वाल महिन्याच्या मध्यावर काफिला शहरातून निघायचा, दक्षिण सीरियात हौरानमधल्या मुझैरीबला थांबायचा, तिथे काही दिवस मोठा बाजार भरायचा, उरलेले लोक येऊन मिळायचे, उंटांचे सौदे पक्के व्हायचे आणि मग खरं वाळवंट सुरू. हाजीने स्वतः उंट-तंबू जमवायचा नसायचा, ते काम मुकव्विम नावाचे ठेकेदार करायचे, पैसे घेऊन उंट, तंबू, जेवण, पाणी सगळं तेच देणार. आजच्या टूरवाल्यासारखंच. ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते मागे मागे पायी चालायचे, आणि संकट आलं की आधी तेच मरायचे. वाटेत मेलेल्यांची सुद्धा नोंद व्हायची बरं का, त्यांच्या सामानाची यादी करणारा सरकारी माणूस काफिल्यात असायचा, आणि ज्याला वारस नाही त्याचा माल सरकारजमा, त्यातला वाटा काफिल्याच्या सरदाराला.

बरोबर फौज असायची, उत्तर आफ्रिकेतले भाडोत्री शिपाई, इतर भाडोत्री घोडेस्वार, दमास्कसचे जानिसारी म्हणजे सुलतानाचे कायमचे पायदळ शिपाई, एखाद-दुसरी हलकी तोफ. पण वीस हजार माणसं आणि त्यांचे उंट चालताना काही मैल लांब रांग होते. पुढे तुकडी, मागे तुकडी, मध्ये सगळं उघडं. अशी रांग चहूबाजूंनी राखण्याएवढी फौज नेली तर तिलाच पाणी पुरणार नाही. लोक इथेच चुकतात, त्यांना वाटतं सैन्य कमी पडलं म्हणून लूट झाली. अहो सैन्य वाढवायला जागाच नव्हती, पाण्याने ती जागा आखून दिलेली होती.

म्हणून मग किल्ले. सलीमचा मुलगा सुलतान सुलेमान याच्या काळापासून या वाटेवर किल्ले बांधत गेले, कतराना, मआन, जात अल-हज्ज, तबूक, नंतर अजून, अठराव्या शतकापर्यंत मधल्या बऱ्याच जागा भरून निघाल्या. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजगड-रायगड येतो, तसं काही नाही हे. मी जॉर्डनमध्ये कतरानाचा किल्ला बघितलाय, एक चौकोनी दुमजली दगडी इमारत, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या वाड्याएवढी, आत मोजके शिपाई राहणार. मला आधी कळेचना की एवढ्याशा किल्ल्याने कोणाला काय धाक बसणार. मग बाजूला गेलो तर प्रचंड मोठा दगडी हौद, बिरका म्हणतात त्याला, पावसाळी ओढ्याचं पाणी वळवून त्यात घेतलेलं. तेव्हा उलगडा झाला. किल्ला हौदासाठी आहे, वाटेसाठी नाही. शिपायांचं काम वर्षभर हौद राखायचा, गाळ काढायचा, जिथे विहीर आहे तिथे रहाट चालवून काफिला यायच्या आधी टाकी भरून ठेवायची, आणि धान्याची कोठारं सांभाळायची. कोणी हौद फोडला किंवा आधीच पाणी उपसून घेतलं तर काफिला एका मुक्कामात अडचणीत. शिवाय चांद्र कॅलेंडर, हज दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे काही वर्षं हिवाळ्यात प्रवास, काही वर्षं भर उन्हाळ्यात, तेव्हा रात्री मशाली लावून चालायचं. त्यामुळे पाण्याचं गणित कायमचं बसवून ठेवता येत नाही.

आणि किल्ल्यांच्या मधल्या जमिनीवर हुकूम कोणाचा? वाळवंटात भटकणाऱ्या बदू टोळ्यांचा. बनी सखर, सरदिया, अनझा वगैरे. त्यांना सरकारकडून ठरलेली रक्कम मिळायची, तिला सुर्रा म्हणत. (मक्का-मदिनेच्या रहिवाशांना आणि आश्रितांना इस्तंबूलहून दर वर्षी थैल्या जायच्या त्यांनाही सुर्राच म्हणतात, म्हणून वाचताना गोंधळ होतो.) ही खंडणी होती का? बदूंच्या बाजूने बघा, त्यांच्या कुरणातून, त्यांच्या पाण्यावरून वीस हजार माणसं आणि जनावरं जातात, ते वाटाडे देतात, उंट भाड्याने देतात, दुसऱ्या टोळीला अडवतात, त्याचा तो मोबदला. ती रक्कम साधारण दोन हप्त्यांत दिली जायची, अर्धी जाताना आणि अर्धी येताना. आणि बिघाड बहुतेक वेळा इथेच व्हायचा, कारण जाताना सगळे सुखरूप पोचले की परतीचा हप्ता कापायचा किंवा बुडवायचा मोह सरदाराला व्हायचा, तेवढेच पैसे त्याच्या खिशात.

परतीच्याच वाटेवर हल्ले का होतात याचं दुसरंही कारण आहे. हाजी नुसता यात्रेकरू नसतो, तो मक्केत खरेदी करतो. येमेनची कॉफी, मसाले, आणि हो, हिंदुस्थानी कापड. जाताना उंटावर शिधा आणि परत येताना उंटावर माल. लुटणाऱ्याला हे पक्कं माहीत. वर माणसं आणि जनावरं दोन-अडीच महिन्यांनी थकलेली, शिधा संपत आलेला. म्हणूनच उस्मानींनी जरदा नावाची सोय केली होती, म्हणजे ताजं धान्य, चारा आणि शिपाई घेऊन एक दुसरा काफिला उत्तरेकडून निघून परतणाऱ्यांना वाटेत गाठायचा. जरदा म्हणजे काफिल्याचा श्वास समजा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पैसा कुठून यायचा तेही सांगतो कारण त्याशिवाय १७५७ कळणार नाही. १७०८ पासून एक मोठा बदल झाला, दमास्कसचा सुभेदार स्वतःच अमीर अल-हज्ज, म्हणजे काफिल्याचा सरदार, होऊ लागला. त्याआधी हे काम बहुतेक स्थानिक सरदारांकडे असायचं आणि ते धड होत नव्हतं. बदल्यात सुभेदाराला लढायांवर फौज घेऊन जाण्याची सक्ती राहिली नाही, त्याची लढाई म्हणजे हज. आणि खर्चासाठी तो दर वर्षी हजच्या आधी फौजफाटा घेऊन पॅलेस्टाईनमधून फिरायचा, नाबलूस, जेरुसलेम, जॉर्डन नदीपलीकडचं अजलून, गावोगाव मुक्काम करून सारा वसूल करायचा. याला दौरा म्हणत, आपला दौरा शब्द तोच. तिथल्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा दौरा म्हणजे टोळधाडच. म्हणजे सुलतानाच्या पुण्याईची किंमत नाबलूसच्या डोंगरातला शेतकरी मोजत होता, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं कारण सोहळ्याच्या वर्णनात तो कधी दिसत नाही.

या कामात सगळ्यात तयार माणूस म्हणजे असद पाशा अल-अझम. १७४३ ते १७५७, चौदा वर्षं सुभेदार, आणि चौदा काफिले त्याने नेऊन आणले. दमास्कसला गेलेल्या लोकांना अझम राजवाडा आणि असद पाशाचा खान, म्हणजे व्यापाऱ्यांची सराई, माहीत असेल, ते त्याचेच, म्हणजे स्वतःसाठीही त्याने भरपूर कमावलं. पण त्याची खरी पुंजी ओळखी ही होती, कुठल्या शेखला किती द्यायचं, कोणाशी गोड बोलायचं, कोणाला दम द्यायचा, हे चौदा वर्षांत डोक्यात बसलेलं. हे कुठल्या दफ्तरात लिहिलेलं नसतं.

१७५७ च्या सुरुवातीला इस्तंबूलने त्याला दमास्कसहून हलवून अलेप्पोला टाकलं. त्याच्या जागी हुसैन पाशा इब्न मक्की, गाझाकडचा माणूस. तो आला तेव्हा परिस्थिती आधीच वाईट होती. मध्य अरबस्तानातल्या नज्दकडून अनझा टोळ्या उत्तरेला सरकत होत्या, त्यांनी बनी सखरची कुरणं दाबली आणि काफिल्याला उंट पुरवण्याचं जे उत्पन्न बनी सखरकडे होतं त्यातही त्या घुसल्या. त्यात दुष्काळ. अशा वर्षी सुर्राचा पैसा ही टोळीची चैन नसते, जगण्याचं साधन असतं, आणि नव्या सुभेदाराच्या काळात तोच पैसा ठरल्याप्रमाणे मिळाला नाही अशी त्यांची तक्रार होती.

त्या वर्षी हज ऑगस्टच्या शेवटी आला. काफिला मक्केहून परतीला लागला. बनी सखरचा शेख कअदान अल-फाइझ याने बाकीच्या टोळ्या जमवल्या आणि आता त्याने काय केलं ते नीट बघा. आधी मोठ्या काफिल्याला हात लावला नाही. आधी जरदा फोडला. मूसा पाशा जरदा घेऊन दक्षिणेला येत होता, त्याला कतरानाजवळ गाठून सगळा शिधा लुटला, शिपाई वाट फुटेल तिकडे पळाले, मूसा पाशा जखमी होऊन हौरानमधल्या दरआ गावाकडे पळाला आणि काही दिवसांत मेला. म्हणजे कापला तो श्वास.

तिकडे हुसैन पाशा तबूकला येऊन थांबला. त्याला बातमी कळली. आता त्याच्यापुढे काय होतं? तबूकला पाणी आहे पण हजारो माणसांना आणि जनावरांना दिवसेंदिवस पुरेल एवढं अन्न नाही. मागे मदिनेला फिरायचं तर तेवढंच लांब आणि शिधा नाही. पुढे जायचं तर टोळ्या टपलेल्या. त्याने शेखला पैसे देऊ केले, शेखने नाकारले, आणि का घेईल, जो पैसा वर्षभर आधी शांतता विकत घेतो तोच पैसा अशा वेळी नुसती भीती दाखवतो. शिधा संपत आला तसा हुसैन पाशाने पुढे निघायचा निर्णय घेतला. तबूक आणि जात अल-हज्ज यांच्या मध्ये, म्हणजे एक पाणी मागे पडलंय आणि दुसरं अजून हाती लागलेलं नाही अशा पट्ट्यात, हल्ला झाला.

अंदाज असा देतात की वीस हजार माणसं गेली. पण त्यातली सगळी तलवारीने नाही. उंट, पखाली, कपडे सगळं काढून घेतल्यावर माणूस वाळवंटात उभा राहिला की बाकीचं काम तहान आणि भूक करते. हुसैन पाशा जिवंत राहिला पण दमास्कसला परत गेला नाही, गाझाकडे निघून गेला. दमास्कसमध्ये एरवी काफिल्याच्या आधी सांडणीस्वार पत्रं घेऊन यायचा, घरोघरी वाचन व्हायचं, लोक सामोरे जायचे. त्या वर्षी आली ती बचावलेली माणसं.

आता पदवीचा प्रश्न इथे परत येतो. सुलतान उस्मान तिसरा ऑक्टोबरच्या शेवटी वारला (त्याचा या घटनेशी संबंध जोडू नका, तो योगायोग) आणि मुस्तफा तिसरा गादीवर आला. नव्या सुलतानाची सुरुवातच अशी, की पवित्र काफिला त्याच्या घराण्याच्या नावाखाली मारला गेलाय. कोणाला तरी जबाबदार धरणं भाग होतं. असद पाशावर आरोप आला की बदली झाल्याच्या रागाने त्यानेच बदूंना चिथावलं. १७५८ मध्ये त्याला ठार केलं आणि त्याची अफाट संपत्ती जप्त केली. माझं स्वतःचं मत, चिथावणीची गरजच नव्हती, भुकेलेली टोळी आणि बुडालेला पैसा एवढं पुरेसं होतं, आणि खजिन्याला असद पाशाची संपत्ती हवी होती हेही विसरू नये. जनानखान्याचा मुख्य खोजा, किझलर आगा, त्यालाही प्राण गमवावा लागला, आणि हे वरवर विचित्र वाटतं पण नाही, कारण हरमैनच्या वक्फांचा कारभार त्याच्याकडे असायचा आणि सुभेदाराच्या नेमणुकीत त्याचा हात होता असं धरलं गेलं.

अजून एक बारीक गोष्ट, जी मला फार बोलकी वाटते. लुटीचा बराच माल पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरच्या अक्का बंदराकडे विकायला आला. तिथला प्रबळ सरदार झाहिर अल-उमर, ज्याच्याशी दमास्कसच्या सुभेदारांचं कायम भांडण, त्याने काफिल्यासोबतची मानाची निशाणं मिळवून सुलतानाला परत पाठवली. दरबारात त्याचं वजन वाढलं. फौज पाठवून जे जमलं नसतं ते दोन कापडी निशाणांनी झालं. यावरून बघा, पवित्र शहरांच्या रक्षणाचा मान सुलतानापुरता नव्हता, खाली सुभेदार, सरदार सगळे त्यातला तुकडा मिळवायला बघत होते.

आणि हा मान कसा जातो तेही पन्नास वर्षांत दिसलं. १८०३ मध्ये नज्दच्या सऊदी-वहाबी फौजांनी मक्का घेतली, नंतर मदिना. १८०७ ला दमास्कसचा काफिला अब्दुल्ला पाशा अल-अझम घेऊन गेला तर त्यांनी तो हज न करताच परत पाठवला. महमल, त्याच्यापुढची वाजंत्री, हे सगळं त्यांना धर्माबाहेरचं वाटत होतं, आणि खुतब्यातून उस्मानी सुलतानाचं नावही गेलं. इथे १७५७ सारखी कत्तल झाली नाही. तरी इस्तंबूलला हा घाव जास्त खोल लागला, कारण बदूंनी माल लुटला होता, पदवीवर दावा केला नव्हता. इथे कोणीतरी सांगत होतं की रक्षक आता आम्ही. अब्दुल्ला पाशाची सुभेदारी त्याच वर्षी गेली आणि शेवटी १८११ ला इजिप्तच्या मुहम्मद अलीची फौज पाठवावी लागली, तिने १८१२ ला मदिना आणि १८१३ ला मक्का परत घेतली. ती फौजही सुएझवरून समुद्रमार्गे रसद घेऊन गेली, म्हणजे परत इजिप्तचंच धान्य.

वाळवंटाची वाट मात्र तीच राहिली. १९०० ला सुलतान अब्दुल हमीदने हिजाझ रेल्वे काढायला घेतली, १९०८ ला गाडी मदिनेला पोचली, आणि तिची स्टेशनं बघा, मआन, जात अल-हज्ज, तबूक, सगळी जुन्या हौदांच्या शेजारी, कारण वाफेच्या इंजिनालाही पाणी लागतंच. जॉर्डनला जाणार असाल तर अम्मानहून अकाबाकडे जाणाऱ्या वाळवंटी हायवेवर कतराना लागतं, पेट्राला जाणाऱ्या बसगाड्या तिथून सरळ पुढे निघून जातात. अर्धा तास थांबा, आधी हौद बघा आणि मग किल्ला.